एकवीस दिवसांत आयएसओ १४००१: फोंड्यातल्या एका प्लेटिंग कारखान्याची फसवणूक

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला झिंक प्लेटिंगचा एक कारखाना. चाळीस माणसं, दोन बॅरल लाइन, एक रॅक लाइन, शेवटी पिवळं पॅसिव्हेशन म्हणजे गंज रोखणारा क्रोमियमचा थर, मागच्या अंगाला छोटा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाचं प्रमाणपत्र मागितलं. एका कन्सल्टंटने ४५,००० रुपयांत, २१ दिवसांत, 'डॉक्युमेंटेशनपासून सर्टिफिकेटपर्यंत सगळं' करून द्यायचं कबूल केलं आणि दिलंही. चौकटीत बसवलेलं सोनेरी प्रमाणपत्र ऑफिसात लागलं. आठ महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाने ते तपासलं, तर कुठल्याच नोंदीत सापडेना. नवी ऑर्डर थांबली. कन्सल्टंटचा फोन तेव्हापासून बंद आहे.

कारखान्याचं नाव देत नाही, कन्सल्टंटचंही नाही. त्याने बनवून दिलेली फाईल मात्र पानापानाने बघण्यासारखी आहे, कारण फसवणूक त्या फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. वाचायला कुणी बसलं नाही एवढंच.

आधी प्रमाणपत्राबद्दल. आयएसओ ही संस्था फक्त मानक लिहिते, ती कुणालाही प्रमाणपत्र देत नाही आणि प्रमाणपत्रावर आपलं बोधचिन्ह वापरूही देत नाही. या प्रमाणपत्रावर ते मधोमध छापलेलं होतं. इथेच शंका यायला हवी होती. प्रमाणपत्र देतात प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थांना मान्यता देणारं मंडळ वेगळं असतं. भारतात ते एनएबीसीबी. या प्रमाणपत्रावर मान्यता मंडळ म्हणून परदेशी वाटणारं एक भारदस्त नाव होतं, आणि पडताळणीसाठी एक वेबसाइट. त्या वेबसाइटवर नंबर टाकला की 'व्हॅलिड' असं हिरवं येतं. येणारच, वेबसाइट त्यांचीच आहे.

पडताळणी त्यांनी दिलेल्या पत्त्यावर करायची नसते. nabcb.qci.org.in वर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. त्यात संस्थेचं नाव बघा, आणि नुसतं नाव बघून थांबू नका. गुणवत्तेच्या ९००१ साठी मान्यता असलेली संस्था १४००१ साठीही मान्यताप्राप्त असेलच असं नाही, आणि १४००१ असलं तरी तुमच्या उद्योगाचं क्षेत्र तिच्या मान्यतेत असावं लागतं. धातूच्या वस्तूंच्या क्षेत्राचा कोड १७. परदेशी मान्यता असेल तर iafcertsearch.org वर प्रमाणपत्र शोधा. तिथे सापडलं नाही म्हणजे खोटंच असं लगेच ठरवू नका, मान्यता देणाऱ्या मंडळाला ईमेल करून विचारा.

दुसरी खूण ऑडिटच्या वेळेची. पहिल्या प्रमाणपत्रासाठी ऑडिट दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात कागद आणि तयारी बघतात, दुसऱ्यात कामाच्या जागेवर अंमल. किती दिवस लागावेत हे ऑडिटरच्या मर्जीवर नसतं, माणसांची संख्या आणि पर्यावरणाची गुंतागुंत यांवरून तक्ता ठरलेला आहे. चाळीस माणसं आणि रासायनिक पृष्ठप्रक्रिया म्हणजे मध्यम गुंतागुंत, तक्त्यात साडेपाच मनुष्यदिवस. कारणं देऊन कपात करता येते, पण ३० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे कितीही ओढून-ताणून चार दिवसांच्या खाली फारसं जाता येत नाही. इथे 'ऑडिटर' सकाळी अकराला आला, ऑफिसात बसला, माशांचं जेवण जेवला आणि अडीचला गेला. ईटीपीकडे फिरकलाच नाही. शिवाय फाईल बनवणारा आणि ऑडिटर एकाच गाडीतून आले होते. सल्ला देणाऱ्यानेच प्रमाणपत्र देणं मानकाच्या जगात साफ मना आहे.

आता फाईल. १४००१ चा गाभा म्हणजे ठरवा, करा, तपासा, सुधारा हे चक्र. ठरवण्याची सुरुवात होते आपल्या कारखान्याच्या कामांतून पर्यावरणावर नेमकं काय काय होतं त्या नोंदवहीपासून. या नोंदवहीत डिझेल बॉयलर होता, पावडर कोटिंगचं बूथ होतं, कँटीनमधलं तेलकट सांडपाणी होतं. या कारखान्यात यांतलं एकही नाही. पॅसिव्हेशनच्या टाकीतलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम, जे इथलं सगळ्यात घातक, त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. कायद्यांच्या यादीत कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची प्रदूषण मंडळाची परवानगी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं दाखवलं होतं आणि घातक कचऱ्याचे नियम २००८ चे. गोव्यात कन्सेंट देतं गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि २००८ च्या नियमांची जागा २०१६ च्या नियमांनी घेऊन जमाना झाला. कुठल्या तरी दुसऱ्या कारखान्याची फाईल नाव बदलून दिली होती. सत्तेचाळिसाव्या पानाच्या तळाशी जुनं नाव बदलायचं राहूनही गेलं होतं.

तपासण्याचा भाग तर याहून गमतीचा. आणीबाणीच्या सरावाची तारीख ३ डिसेंबर. त्या दिवशी गोंयच्या सायबाचं फेस्त, अख्ख्या गोव्यात सुट्टी, कारखान्याला कुलूप. हजेरीपटावर मात्र अडतीस सह्या, त्याही एकाच वळणाच्या. व्यवस्थापन आढावा बैठक १० तारखेची आणि तिच्या इतिवृत्तात 'अंतर्गत ऑडिटच्या निष्कर्षांवर चर्चा झाली' असं वाक्य. अंतर्गत ऑडिट १४ तारखेचं. जे झालंच नव्हतं त्याच्यावर चर्चा कशी झाली? आणि त्या ऑडिटमध्ये त्रुटी शून्य. आमचं स्पष्ट मत असं की पहिल्याच अंतर्गत ऑडिटमध्ये एकही त्रुटी न सापडणं हीच सगळ्यात मोठी त्रुटी. त्रुटी नाही म्हणजे दुरुस्ती नाही, म्हणजे चक्राचा चौथा भाग कोराच राहतो.

पण आमच्या मते सगळ्यात बोलकं पान ईटीपीच्या नोंदीचं. एकच रकाना, पीएच, आणि तीन महिने रोज ७.२. असा ईटीपी चालत नाही. क्रोमियमच्या पाण्यात आधी आम्ल घालून पीएच २ ते २.५ वर आणतात आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, तेव्हा पिवळं पाणी हिरवट होतं. हेक्साव्हॅलंट क्रोमियम कमी घातक ट्रायव्हॅलंट झाल्याची ती खूण. मग चुना घालून पीएच साधारण ९ पर्यंत चढवतात, म्हणजे क्रोमियम आणि झिंक दोन्ही गाळ होऊन खाली बसतात. ७.२ वर झिंक नीट बसतच नाही, पाण्याबरोबर निघून जातं. तेव्हा खऱ्या वहीत निदान तीन रकाने हवेत: आम्लाच्या टाकीतला पीएच, चुन्याच्या टाकीतला पीएच, बाहेर सोडतानाचा पीएच. आकडेही थोडे वरखाली व्हायला हवेत. रोज ७.२ म्हणजे पीएच मीटर बंद आहे, नाहीतर वही ऑफिसात बसून भरली आहे.

या कागदांच्या आड खरं काय चाललं होतं ते पावसाने दाखवलं. गाळाची पिंपं पत्र्याच्या शेडच्या कडेला, अर्धी शेडच्या बाहेर. जूनचा पाऊस तिरका येतो हे गोव्यात कुणी सांगायला नको. पिंपांच्या तळाशी पिवळसर ओघळ, तिथून गटार, गटारातून पुढे ओहोळ. गाळ पिवळा दिसला तर आम्लाच्या टाकीत क्रोमियम पूर्ण बदललेलंच नाही, हे इतकं सरळ आहे. कुठल्याही फाईलने हे पकडलं नाही, कारण ती फाईल या जागेची नव्हतीच.

हीच एक गोष्ट, गाळाची पिंपं, चक्रातून खरोखर फिरवली तर काय होतं ते बघा. ठरवताना नोंदवहीत लिहायचं: गाळ साठवणूक, नेहमीची स्थिती आणि पावसाळ्यातली स्थिती वेगवेगळी. नियमाने घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून प्रत्येक पिंपावर भरायला सुरुवात केल्याची तारीख आणि फॉर्म ८ चं लेबल. करायचं काय, तर जमिनीपासून उंच ओटा, भोवती बांध, आणि सगळ्यात मोठं पिंप फुटलं तरी सगळं आत राहील एवढी बांधाची क्षमता. २०० लिटरचं पिंप असेल तर निदान २२० लिटर. पत्रा ओट्याच्या बाहेर मीटरभर पुढे. गाळ पाठवताना फॉर्म १० ची मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीची नोंद. तपासणी म्हणजे आठवड्याला एकदा पिंपं मोजून तारखा वाचणं, फार नाही, दहा मिनिटांचं काम.

आता तपासणीत दिसतं की चार पिंपं ९० दिवसांच्या पुढे गेली. 'कामगारांना समज दिली' असं लिहून हे बंद करायचं नाही. का गेली? कारण गाडी भरेल एवढी पिंपं जमेपर्यंत बोलावत नाहीत. आधी का बोलावत नाहीत? वाहतुकीचं बिल परवडत नाही. बिल जास्त का, तर गाळ वजनाला जास्त भरतो, कारण तो ओला आहे. ओला का, तर फिल्टर प्रेसचं कापड जुनं झालंय, पाणी पिळलं जात नाही. कापड बदललं, गाळाचं वजन उतरलं, वाहतुकीचं बिल कमी झालं, आणि गाडी ठरलेल्या तारखेला बोलवायचा नियम परवडू लागला. सतत सुधारणा म्हणतात ती ही. त्या फाईलमध्ये मात्र 'पाण्याचा वापर १५ टक्क्यांनी कमी करणे' असं उद्दिष्ट होतं. कशाच्या १५ टक्के? धुण्याच्या टाक्यांच्या लाइनला पाण्याचा मीटरच नव्हता.

पैशांचा व्यवहार करताना काही गोष्टी पाळल्या तर असला माणूस पहिल्या भेटीतच उठून जातो. प्रमाणन संस्थेची फी कन्सल्टंटच्या हातून द्यायची नाही, थेट संस्थेच्या खात्यात, तिच्याच बिलावर. ऑडिटच्या आधी ऑडिटरचं नाव आणि दिवसांचं वेळापत्रक लेखी मागायचं. पहिल्या टप्प्याचा अहवाल हातात आल्याशिवाय दुसरा टप्पा नाही. प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं आणि दर वर्षी निगराणी ऑडिट होतंच. 'दर वर्षी पाच हजार भरा, नवं प्रमाणपत्र ईमेलने येईल' असं कुणी म्हणालं तर पुढचं ऐकू नका. आणि एक लक्षात ठेवा, खरं १४००१ असलं तरी ते कन्सेंटची जागा घेत नाही.

फसलात तर दाद कुठे मागायची हा कठीण भाग आहे. मान्यताप्राप्त संस्थेविरुद्ध एनएबीसीबीकडे तक्रार करता येते. जिला मान्यताच नाही तिच्यावर कुणाचाच अंकुश नसतो. मग उरते पोलिसांत फसवणुकीची तक्रार, आणि त्यासाठी कोटेशन, बिल, बँकेची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवावं लागतं. या कारखान्याने अर्धी रक्कम रोख दिली होती.

खोटं आहे हे कळल्यावर ते प्रमाणपत्र त्याच दिवशी खाली उतरवा. नंतरही मिरवलं तर फसवणूक तुमचीच ठरते. टेंडरच्या कागदांतून, कोटेशनच्या लेटरहेडवरून, ईमेलच्या तळातून ते काढा, आणि गिऱ्हाइकाला तुम्हीच पत्र लिहा. या कारखान्याने हे सगळं आठवड्यात केलं. डिलिव्हरीच्या टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर 'आयएसओ १४००१ सर्टिफाइड' असं रंगवलेलं होतं, ते पुसायचं मात्र पुढच्या महिन्यापर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही.