आषाढीला पंढरपुरात गाडी आत सोडायचा 'पास' विकणाऱ्यांपासून सावध राहा

सोलापूरकडून पंढरपूरला जाताना, शहराच्या बरंच अलीकडे, रस्त्याच्या कडेला एकाने हात करून गाडी थांबवली. अंगात चमकणारं जॅकेट, गळ्यात कार्ड, हातात पावतीपुस्तक. "पुढं बॅरिकेड आहे, गाडी सोडत नाहीत. म्हातारं माणूस असेल तर पास घ्या, थेट आत जाल." मागच्या सीटवर चौऱ्याहत्तर वर्षांची आई, दोन्ही गुडघे गेलेले. ७०० रुपये मागितले, मी दिले. माझ्या जागी कोणीही दिले असते.

संताप येतो तो त्या कागदाचा. माझ्याच काचेवर टोलमाफीचा पास चिकटवलेला होता, आरटीओतून फुकट मिळालेला. त्यावर गाडीचा नंबर ठळक लिहिलेला. आणि या पठ्ठ्याने नंबर विचारलाच नाही! पावतीवर नुसतं 'यात्रा वाहन प्रवेश' आणि एक पुसट गोल शिक्का. कुठल्या कार्यालयाचा ते नाही, अनुक्रमांक नाही. पास गाडीला मिळतो आणि या पासावर गाडीच नव्हती. दोन्ही कागद हातभर अंतरावर होते. पण मागे हॉर्न वाजत होते, तो "लवकर करा माऊली" म्हणत होता, आणि ऑनलाइन देतो म्हटलं तर "रेंज नाही, रोख द्या."

बॅरिकेडवर हवालदाराने पास बघितलाही नाही. "असला पास नसतो, गाडी वळवा." वळवली, तर त्याच माणसाच्या ओळखीचा एक जण शेतात गाडी लावायचे ३०० घेऊन गेला. सरकारी वाहनतळ तिथून जवळच होता, हे संध्याकाळी कळलं. म्हणून सांगतो, पैसे काढण्याआधी वर्दीतल्या पोलिसाला वाहनतळ विचारा. आणि टोलमाफीचा पास फक्त टोलपुरता असतो, शहरात शिरायला त्याचा उपयोग नाही.

१००० रुपये गेले ते गेलेच, पण चौकीत जे ऐकलं ते जास्त लागलं. "माणसाचं नाव काय?" ते माहीत असतं तर मी तुमच्याकडे कशाला आलो असतो? "ती जागा आमच्या हद्दीत नाही." "एकादशी झाल्यावर या." अहो, एकादशी झाल्यावर तो तिथे बसून राहणार आहे का? लाखो माणसांचा बंदोबस्त आहे, ताण आहे, मान्य. पण एक शिपाई मोटारसायकलवर पाठवला असता तर तो पावतीपुस्तकासकट सापडला असता. आमच्या मागच्या गाड्याही तिथेच थांबत होत्या.

हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. मला हे तेव्हा माहीत असतं तर तिथून हललो नसतो.

पावती फेकू नका, त्या माणसाचा फोटो काढा. फोटो काढतोय म्हटल्यावर तो तोंड फिरवतो का तेही बघा. मी पावतीच्या फोटोसह लेखी तक्रार दिली आहे. पोच अजून मिळालेली नाही.