मेसेज एडिट केला, पण समोरच्याने वाचला तो जुनाच! (सात-आठ महिने वापरून आलेला अनुभव)

आधीच सांगतो, मी टायपो सम्राट आहे. अंगठा जाड, घाई कायमची आणि वर कीबोर्ड स्वतःच्या मनाने शब्द घुसवतो. त्यामुळे पाठवलेला मेसेज दुरुस्त करता येतो म्हटल्यावर सगळ्यात जास्त आनंद मलाच व्हायला हवा होता. व्हॉट्सॲपवर ही सोय मे २०२३ मध्ये आली, पण मी आपला जुन्या सवयीने खाली चांदणी टाकून बरोबर शब्द लिहीत बसायचो. एडिट रोजच्या रोज वापरायला लागलो ते आत्ता गेल्या सात-आठ महिन्यांत.

वापरायला काहीच नाही. मेसेज दाबून धरा, अँड्रॉइडवर वरती तीन टिंबं येतात त्यात एडिट. आयफोनवर दाबून धरल्यावर मेनूतच मिळतं. पाठवल्यापासून १५ मिनिटांत करायचं, नंतर तो पर्यायच दिसत नाही. फोटो बदलत नाही, फोटोखालची कॅप्शन बदलता येते. नुसत्या शुद्धलेखनासाठी म्हणाल तर झकास, दहापैकी दहा मार्क.

गंमत पुढे आहे. मित्राला भेटायचं होतं, मी लिहिलं "उद्या ४ वाजता ये, मी तिथेच आहे". पाच-सहा मिनिटांनी लक्षात आलं की अरे ४ नाही, २ वाजता. बघितलं तर टिक अजून निळ्या झालेल्या नाहीत. म्हटलं चला, वाचलेलं नाही, वाचलो. लगेच ४ चं २ केलं, मेसेजच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एडिटेड आलं आणि मी निवांत. दुसऱ्या दिवशी मी दोनपासून उभा आणि हा बरोब्बर चारला हजर, वर मलाच विचारतो की इतक्या लवकर कशाला आलास! त्याने मेसेज वाचला होता, पण लॉक स्क्रीनवर. नोटिफिकेशन आलं, ४ वाचलं, फोन खिशात. चॅट उघडलंच नाही त्यामुळे टिक निळी झाली नाही, आणि मी त्या टिकवर विश्वास ठेवून बसलो. दोष ॲपचा नाही, माझाच.

यातली खरी गोम अशी की एडिट केल्यावर समोरच्याला नवीन नोटिफिकेशन जात नाही. फोन वाजत नाही, थरथरत नाही, काही नाही. मेसेज आहे त्याच जागी राहतो आणि आतला मजकूर गुपचूप बदलतो, तो खाली येत नाही. म्हणजे गजबजलेल्या ग्रुपमध्ये तुमच्यानंतर पंचवीस मेसेज पडले असतील तर तुमची दुरुस्ती बघायला वर जाणार कोण? ज्यांनी आधी वाचलं त्यांच्या डोक्यात चुकीचं तेच पक्कं, आणि जे उशिरा येतात त्यांना एकदम बरोबर दिसतं. एकाच ग्रुपात दोन वेगवेगळ्या वेळा फिरायला लागतात.

म्हणून आता माझा नियम ठरलाय. वेळ, वार, आकडा, पत्ता यातलं काही चुकलं तर एडिट करतोच पण खाली वेगळा मेसेजही टाकतो, "वेळ बदलली बरं का, २ वाजता". दोनदा लिहायचा कंटाळा येतो खरा, पण चौकात दोन तास उभं राहण्यापेक्षा बरं.

दुसरा घोळ मला जास्त मजेशीर वाटतो. मी ताईला विचारलं, "तू येणार नाहीस ना?" तिचं उत्तर आलं, "हो". म्हणजे नाही येणार. मला वाटलं प्रश्न फारच तुटक झाला, जरा गोड करूया, म्हणून एडिट करून "तू येणार आहेस ना?" केलं. आता वाचा ते चॅट. माझा गोड प्रश्न आणि खाली तिचं "हो". तिने एक अक्षर बदललं नाही आणि तिचं उत्तर बरोब्बर उलटं झालं. संध्याकाळी ती चिडलीच, "मी असं कधी म्हटलं?" बरोबरच आहे तिचं. खाली उत्तर आलं असेल तर आपला मेसेज नुसता आपला राहत नाही, त्याला हात लावायचा नाही हे तेव्हापासून पाळतोय.

आता ते एडिटेड लेबल. व्हॉट्सॲपवर समोरच्याला एवढंच कळतं की काहीतरी बदललंय, काय बदललं ते कळत नाही, जुना मजकूर चॅटमध्ये दाखवायची सोय नाही. मला आधी हे छान वाटायचं, झाकली मूठ. पण लोकांना संशय येतो हो! एक वेलांटी सुधारली तरी समोरून "आधी काय लिहिलं होतंस?" असा प्रश्न येतो, आणि वेलांटीच होती हे तुम्ही सिद्ध कसं करणार?

सिग्नल ॲपवर उलटं आहे. तिथे २४ तासांपर्यंत आणि एका मेसेजला दहा वेळा बदल करता येतो, पण त्या लेबलवर टॅप केलं की आधीचे सगळे मजकूर ओळीने समोर. आयमेसेजवरही तसंच, १५ मिनिटांत पाच वेळा बदला, समोरचा लेबलवर टॅप करून जुनं वाचू शकतो. आणि समोरच्याकडे आयओएस १६ च्या आधीचा आयफोन असेल तर आणखी मजा, त्याच्याकडे जुना मेसेज तसाच राहतो आणि प्रत्येक बदलाचा वेगळा मेसेज जाऊन पडतो. म्हणजे रागात लिहिलेलं गोड करायला गेलात तर दोन्ही त्याच्या हातात, शिवाय आपण घाबरून बदललं हेही. टेलिग्राम ४८ तास देतं, लेबल असतं, पण समोरच्याला इतिहास दिसत नाही.

इतिहास दिसत नाही म्हणजे जुनं पुसलं गेलं असं मात्र समजू नका. आम्ही घरी दोन फोन शेजारी ठेवून बघितलं. अँड्रॉइड ११ पासून सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी असते, ती आधीपासून चालू करून ठेवलेली असेल तर गेल्या २४ तासांतली नोटिफिकेशन्स तिथे सापडतात. ताईच्या फोनवर ती चालू होती. मी "शनिवारी" पाठवलं, तिने चॅट उघडलं नाही, मी "रविवारी" केलं. चॅटमध्ये रविवार, हिस्टरीत शनिवार जसाच्या तसा. त्याशिवाय कुणी आधीच फॉरवर्ड केलं, कॉपी केलं, स्क्रीनशॉट घेतला तर तिथवर तुमचं एडिट पोचतच नाही. जे बदलतं ते फक्त त्या एका चॅटमधलं.

त्यामुळे खरंच नको ते लिहून गेलं तर मी एडिटच्या नादाला लागत नाही, सरळ सगळ्यांसाठी डिलीट करतो. व्हॉट्सॲपवर त्याला दोन दिवसांहून जास्त मुदत असते. मेसेज डिलीट केल्याची ओळ उरते आणि "काय होतं?" विचारतातच लोक, आणि लॉक स्क्रीनवर वाचलेलं तेही परत घेता येत नाही. पण निदान माझं गोड केलेलं वाक्य घेऊन कुणी "हे तुझं खरं होतं की आधीचं?" असं विचारत नाही.

मार्क द्यायचे तर टायपोसाठी दहा, वेळ-वार बदलायला चार, आणि भांडण सावरायला शून्य. ताई म्हणते शून्यसुद्धा जास्तच आहे.