आठ महिने व्हीएलएसएम वापरून: कॅम्पसचा /22 कसा वाटला, कुठे चुकला

आमच्या कॉलेजला अंतर्गत नेटवर्कसाठी 10.10.0.0/22 मिळाला होता, म्हणजे 1024 ॲड्रेस. आधीच्या माणसाने सगळ्यांना सरसकट /24 द्यायचं ठरवलेलं, पण कॉम्प्युटर डिपार्टमेंटचीच 300 मशिन्स, ती 254 मध्ये बसणार कशी, आणि ऑफिसच्या 25 मशिन्सना 254 देऊन करायचं काय? मग मोठ्यापासून सुरू करून गरजेपुरते लहानमोठे तुकडे पाडले, व्हीएलएसएम म्हणतात ते हेच. क्रम: कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स (110), लायब्ररी (56), ऑफिस.

```
10.10.0.0/23     510
10.10.2.0/25     126
10.10.2.128/26    62
10.10.2.192/27    30
```

मोठा आधी का, तर प्रत्येक ब्लॉक स्वतःच्या साइजच्या पटीतच सुरू होतो. लहान आधी कुठेही टाकलात की मध्ये भोकं पडतात आणि मोठ्याला सलग जागा उरत नाही. इथे 10.10.3.0 पासूनचा अख्खा /24 मोकळा राहिला, त्यावर मी जाम खूश होतो.

पाच महिने काही त्रास नाही. मग लायब्ररीत 20 नवीन पीसी आले आणि त्यातल्या काहींना 169.254 वाले ॲड्रेस दिसायला लागले, आधी केबलवर शंका घेतली (सवय!), पण तो ॲड्रेस मशीन स्वतःच घेतं, डीएचसीपीकडून काही मिळालं नाही की. पूल संपला होता. 62 मधला एक गेटवेला, एक स्विचला, मग राहिलं काय.

/26 चा /25 करायचा तर शेजारचे 192 ते 255 लागतात आणि तिथे ऑफिस बसलेलं, ही चूक माझीच, वाढणाऱ्याच्या शेजारी जागा सोडायला हवी होती. लायब्ररी हलवण्यापेक्षा ऑफिसची 25 मशिन्स 10.10.3.0/27 वर नेणं सोपं, सगळी डीएचसीपीवर होती. मग लायब्ररीचा मास्क राउटरवर आणि डीएचसीपीमध्ये 255.255.255.128 केला, गेटवे 10.10.2.129 तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी फोन, नवीन पीसीवरून प्रिंट जात नाही, जुन्यांवरून जाते. ॲड्रेस बघितले तर न चालणारे सगळे 192 च्या पुढचे! प्रिंटर 10.10.2.135 वर हाताने सेट केलेला, मास्क जुनाच 255.255.255.192 आणि गेटवेचा रकाना रिकामा. पीसीला वाटतं प्रिंटर आपल्याच नेटवर्कात आहे म्हणून तो थेट पाठवतो, प्रिंटरला वाटतं हा बाहेरचा, उत्तर द्यायला वाट नाही. गेटवे भरलेला असता तर राउटरवरून वळसा घालून चाललंही असतं आणि चूक कित्येक महिने लपून राहिली असती. मास्क बदलला, काम झालं.

आता इलेक्ट्रॉनिक्सवर लक्ष ठेवून आहे, 126 पैकी 118 गेलेत आणि त्याच्या शेजारचा अख्खा /25 आता लायब्ररीकडे, म्हणजे यावेळीही कोणाला तरी हलवावंच लागेल.