अफवेला उत्तर द्यायचंय: रील की कॅरोसेल?

आमचा कोथरूडला घरगुती तुपाचा व्यवसाय आहे. मागच्या थंडीत सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरला, की आमचं तूप रवाळ दिसावं म्हणून आम्ही त्यात चक्क रवा घालतो. इन्स्टाग्रामवर उत्तर द्यायला मी आधी रील केली, मग कॅरोसेल. तुम्हीही याच पेचात असाल तर माझा अनुभव सांगतो.

रील जास्त लोकांपर्यंत गेली, हे मान्य. कॅमेऱ्यासमोर सहज बोलता येणाऱ्याला कदाचित तीच बरी. मी सात वेळा बोलून पाहिलं. सातवी बघून बायको म्हणाली, "अहो, भांडताय कोणाशी?" शब्द साधेच होते, पण आवाज चढलेला आणि भुवया ताणलेल्या. शिवाय सुरुवातच "आमच्याबद्दल असं पसरवलं जातंय" अशी. ज्यांना काहीच माहीत नव्हतं, त्यांनी तेवढंच ऐकलं आणि विचारायला लागले, "काय हो, रव्याचं काय प्रकरण?" तिथे रील माझ्या मनातून उतरली.

कॅरोसेलला आवाज नसतो, हा माझ्या दृष्टीने त्याचा मोठा गुण. वीसपर्यंत स्लाइड टाकता येतात. मला पाच पुरल्या. पहिलीवर फक्त "तूप रवाळ का होतं?" दुसरीवर कारण: कढवलेलं तूप सावकाश निवलं की त्यातला उशिरा वितळणारा स्निग्धांश आधी गोठतो आणि कणी धरते, तेच फ्रिजमध्ये झटकन गार केलं तर गुळगुळीत होतं. तिसरीवर आवाज बंद केलेली छोटी क्लिप, कारण कॅरोसेलमध्ये व्हिडिओही बसतो. वाटीभर तूप कोमट केलं, कणी विरघळली, तळ स्वच्छ. रवा असता तर तळाशी राहिला असता. चौथीवर अफवा, तीही एका दमात: "तुपात रवा घालतात हा मेसेज चुकीचा आहे." पाचवीवर परवाना क्रमांक, प्रयोगशाळेचा अहवाल आणि फोनची वेळ.

अफवा चौथ्या स्लाइडवर का? लोक स्क्रीनशॉट एकाच स्लाइडचा काढतात, आणि पुढे जातो तो तेवढाच. म्हणून खंडन त्याच वाक्यात हवं, पुढच्या स्लाइडवर नको. "बदनामी", "कारस्थान" हे शब्द मी खोडले. वाटीच्या प्रयोगातून रवा नाही एवढंच कळतं, वनस्पती तूप मिसळलंय का ते कळत नाही. म्हणून "शंभर टक्के शुद्ध" हेही काढलं. त्या प्रश्नासाठी अहवाल आहेच.

खोट एक आहे. पोस्ट केल्यावर मजकूर दुरुस्त होतो, चित्र बदलता येत नाही. माझी अहवालाची तारीख चुकली होती; ती स्लाइड काढून टाकली आणि बरोबर तारीख खाली मजकुरात लिहिली. रील असती तर सगळीच उतरवून आठव्यांदा बोलावं लागलं असतं.