तिसरी पट्टी जादा नसते: रिवाइंडिंगमध्ये मी 180 फेऱ्यांना कसा फसलो

रिवाइंडिंगमधली, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरण्यातली लबाडी कशी चालते ते सगळ्यांना ठाऊक असतं: फेरे कमी, तांबं कमी, पैसे पूर्ण. मलाही ठाऊक होतं. त्यात स्टार-डेल्टा मी इतरांना समजावून सांगतो, म्हणून लाज जास्त वाटते.

मोटर 3.7 किलोवॅटची, चार पोलची. नेमप्लेटवर स्वच्छ लिहिलंय: 415 व्होल्ट, डेल्टा, 7.5 अँपिअर, 1440 आरपीएम. वाइंडरने ती माझ्यासमोर चालवून दाखवली. क्लॅम्प मीटर लावला, तिन्ही फेजवर नो-लोड, म्हणजे भार न लावता, करंट 1.4 अँपिअर. मोटर गार, आवाज नाही. "बघा, किती कमी करंट घेते." मी मान डोलावली. मग त्याने वरच्या तीन टर्मिनलवर व्होल्टेज दाखवलं, 415, 415, 415. त्यालाही मी मान डोलावली. शेवटी त्याने कागदात गुंडाळलेली एक पितळी पट्टी हातावर ठेवली आणि म्हणाला, "ही जादा राहिली, असू द्या."

तिथेच कळायला हवं होतं. तिथेच! टर्मिनल बॉक्समध्ये पट्ट्या तीन असतात आणि डेल्टाला तिन्ही लागतात. जादा राहते ती स्टारमध्ये.

झाकणाच्या आतली आकृती बघा. वरच्या रांगेत यू1, व्ही1, डब्ल्यू1. खालच्या रांगेत, त्याच क्रमाने नाही तर एक घर सरकवून, डब्ल्यू2, यू2, व्ही2. हे सरकवणं मुद्दाम केलेलं असतं. तीन पट्ट्या उभ्या लावल्या की यू1ला डब्ल्यू2, व्ही1ला यू2 आणि डब्ल्यू1ला व्ही2 जोडलं जातं. म्हणजे एका कॉइलचं टोक दुसरीच्या सुरुवातीला, असं त्रिकोणी वर्तुळ पूर्ण होतं. ती डेल्टा. पट्ट्या खालच्या रांगेत आडव्या लावल्या की तिन्ही कॉइलची शेवटची टोकं एका बिंदूत येतात. तो स्टार, आणि त्याला दोन पट्ट्या पुरतात.

आता ते 415. वरच्या रांगेत मीटर लावला की दिसतं ते लाइन व्होल्टेज, दोन तारांमधलं. ते स्टारमध्येही 415 आणि डेल्टामध्येही 415, कारण ते पुरवठ्याचं आहे, मोटरचं नाही. कॉइलवर काय पडतं ते बघायचं तर यू1 आणि यू2 यांच्यात मोजावं लागतं, आणि तेच फेज व्होल्टेज. डेल्टामध्ये ते पूर्ण 415 मिळतं. स्टारमध्ये 415 भागिले 1.732, म्हणजे 240. माझ्या मोटरच्या कॉइल 415साठीच्या होत्या आणि त्यांना 240 मिळत होते. मी मीटर चुकीच्या जागी धरला नव्हता, त्याने धरला होता. पण बघत मीच होतो. (चालू मोटरच्या उघड्या बॉक्समध्ये हे मोजताना हात जपा. शक्य असेल तर पुरवठा बंद करून पट्ट्या नुसत्या डोळ्यांनी बघा, तेवढं पुरतं.)

स्टारमध्ये का जोडली? फेरे चोरलेले लपवायला. फेरे कमी केले की तेवढ्याच व्होल्टेजला लोखंडात चुंबकीय प्रवाह वाढतो, कोअर संपृक्त होतो आणि नो-लोड करंट भडकतो. डेल्टात जोडली असती तर मीटरनेच चोरी सांगितली असती. 240 व्होल्टवर मात्र तीच कमी फेऱ्यांची कॉइल शांत बसते. या आकाराच्या निरोगी मोटरचा नो-लोड करंट पूर्ण करंटच्या साधारण 40 टक्के असतो, म्हणजे 3 अँपिअरच्या आसपास. 1.4 बघून आनंद नाही, शंका यायला हवी होती. करंट फार कमी हाही दोषच असतो.

भार चढवल्यावर वेग 1370वर घसरला आणि करंट 7.2. ओव्हरलोड रिले 7.5वर होता, तो हललाही नाही. मी काय समजायचं? प्लेटच्या आतच आहे, ठीक आहे. पण प्लेटवरचे 7.5 हे डेल्टाचे लाइन करंट. डेल्टामध्ये लाइनचा करंट दोन कॉइलमध्ये वाटला जातो, म्हणून एका कॉइलमधून 7.5 भागिले 1.732, म्हणजे 4.33 जातात. स्टारमध्ये वाटणी नसते, लाइनचा करंट तोच कॉइलचा. म्हणजे 4.33च्या तारेतून 7.2 वाहत होते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळजवळ पावणेतीन पट. रिलेला यातलं काहीच दिसत नाही. नवव्या दिवशी वार्निशचा वास आला.

बॉक्स उघडून मी पट्ट्या उभ्या केल्या. डेल्टात नो-लोडच 6.1 अँपिअर, वर घरघर. दुसऱ्या वाइंडरकडे स्टेटर कापून मोजलं: कॉइलला 40 फेरे. जुन्या जळक्या तारेतली एक कॉइल मी मागून आणली होती, तिच्यात 50. वर ज्यांना तीन कॉइल म्हटलं, त्या तीन फेजमध्ये मिळून सुट्या कॉइल 18. प्रत्येकीत 10, एकूण 180 फेरे गायब. तुम्हीही जुनी कॉइल परत मागा, अख्खी, कापायच्या आधी मोजलेली. मी निदान तेवढं केलं होतं, एवढंच समाधान. आणि तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा आला म्हणून भुलू नका. तिन्हीत सारखीच चोरी केली की आकडे सारखेच येतात.

पहिल्या वाइंडरचं उत्तर ऐका: "पट्ट्या तुम्ही बदलल्या, गॅरंटी संपली." बरं, तक्रार करू म्हटलं. तक्रार कक्षात 1.4चा फोटो बघून साहेब म्हणाले, करंट कमी म्हणजे मोटर चांगलीच की! लाइन आणि फेज सांगायला लागलो तर म्हणाले, लेखी द्या. लेखी दिलं तर म्हणाले, तांत्रिक अहवाल जोडा. अहवाल देणारे म्हणाले, मोटर न उघडलेली आणा. न उघडता फेरे मोजायचे कसे, हे एकानेही सांगितलं नाही. वीज कार्यालयाने पुरवठा तपासला, तिन्ही लाइन 415 आहेत, आमचा विषय संपला असा शेरा मारला. तो शेरा खरा आहे, तेच तर मी सांगत होतो! सहा सह्यांचा कागद आता कुठल्या टेबलावर आहे ते कुणालाच माहीत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. स्टार दिसला की लगेच पट्ट्या उभ्या करू नका. बऱ्याच लहान मोटरच्या प्लेटवर 415 पुढे स्टारच असतो, त्यांची कॉइल 240ची असते आणि डेल्टा केली की जळते. आधी प्लेट, मग पट्ट्या. प्लेटच गायब असेल तर ती का गायब आहे ते विचारा. आणि स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर बॉक्समध्ये एकही पट्टी नको, सहाही तारा स्टार्टरकडे जातात.

मोटर पुन्हा भरून घेतली, 50 फेऱ्यांनी. डेल्टात नो-लोड 3.2. ती जादा पट्टी आता डब्ल्यू1 आणि व्ही2 यांच्यावर बसली आहे.