पासवर्ड मागावा की आपलाच डेटा वापरावा?

गौरीजेवणाचा दिवस, मुलुंडला मावशीचं घर, आणि दुपारी अडीचला ऑफिसची तासाभराची मीटिंग. घरात बारा-पंधरा माणसं. जेवताना आम्हा सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असते, टीव्हीखाली लुकलुकणारा तो राउटर. अशा वेळी वायफायचा पासवर्ड मागायचा की आपला मोबाइल डेटा वापरून गुपचूप काम उरकायचं, याचा निर्णय मी दरवेळी नव्याने घेते. तो कसा घेते ते सांगते.

आधी पैशाचा गैरसमज काढू. पासवर्ड मागितला तर यजमानाचा डेटा संपेल, असं वाटून बरेच जण संकोचतात. घरच्या ब्रॉडबँडच्या बहुतेक 'अनलिमिटेड' प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते. तुमची तासभराची व्हिडिओ मीटिंग त्यात एक-दीड जीबी खाईल, म्हणजे समुद्रातून तांब्याभर पाणी. उलट तुमच्या प्रीपेडला रोजचा दीड जीबी असेल, तर तो एवढ्यातच संपतो. डेटाचा हिशेब पाहिला तर मागणंच शहाणपणाचं.

पण यजमानाला मोजावं लागतं ते वेगळंच. बऱ्याच घरांत पासवर्ड म्हणजे मुलाचं नाव आणि जन्मतारीख, किंवा तोच पासवर्ड दुसऱ्या चार ठिकाणी वापरलेला. पंधरा माणसांत "मावशी, पासवर्ड काय गं?" असं ओरडून विचारलं की तिला तो सगळ्यांदेखत मोठ्याने सांगावा लागतो, आणि मग आतल्या खोलीतला भाचाही लिहून घेतो. शिवाय एकदा दिलेला पासवर्ड परत घेता येत नाही. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जतन झालेला पासवर्ड पुन्हा पाहता येतो, त्याचा क्यूआर काढून तिसऱ्याला देता येतो. तो क्यूआर काही गुप्त लिपी नसते, त्यात पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो:

```
WIFI:T:WPA;S:GharcheWifi;P:12345678;;
```

म्हणून मागायचाच तर पद्धत अशी. दारात पाऊल टाकल्याटाकल्या नाही. पाणी झालं, चहा झाला, की घरात जी व्यक्ती हे सगळं बघते तिला बाजूला गाठायचं. मावसकाकांना विचारलं तर ते चष्मा आणि १९९८ची डायरी शोधायला उठतात, वहिनींना विचारलं तर अर्ध्या मिनिटात काम होतं. आणि आपला फोन त्यांच्या हातात द्यायचा: "वहिनी, अडीचला तासभर मीटिंग आहे, तुमच्या वायफायला जोडून द्याल का? नाहीतर माझ्या डेटावर जमेल." या वाक्यात काम किती वेळाचं ते आलं, पासवर्ड उच्चारायची गरज संपली, आणि त्यांना नकार द्यायचा असेल तर वाटही ठेवली. दुसरा भाग त्याच दमात म्हणायचा. आधी मागून, त्यांचा चेहरा पडल्यावर "बरं, माझा डेटा आहे" म्हटलं तर ते रुसल्यासारखं वाटतं. "नेट आज जरा स्लो आहे" असं उत्तर आलं, तर तो नकार समजावा आणि तो विषय तिथेच सोडावा. राउटरकडे जाऊन "बघू बरं" म्हणू नये, मी एकदा केलंय, आणि वहिनी दिवसभर पापडच तळत बसल्या.

पासवर्ड मिळाला की पाहुण्याचीही जबाबदारी असते. वायफाय लागलं की फोनला वाटतं आता मोकळीक आहे: गावच्या फोटोंचा बॅकअप, अॅपचे अपडेट, सगळं एकदम सुरू. यजमानाचा डेटा संपत नाही, पण ज्याला आतल्या खोलीत मॅच बघायची आहे त्याची मॅच अडखळते. अँड्रॉइडवर त्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ते 'मीटर्ड' धरायला सांगता येतं, आयफोनवर 'लो डेटा मोड' असतो. एवढं करून ठेवावं.

आता दुसरी बाजू, आपला डेटा. त्याच दिवसाचा माझा हिशेब: दीड जीबीतले सातशे एमबी सकाळी लोकलमध्ये रील्स बघण्यात गेले होते, आठशे उरले. कॅमेरा लावून, सगळ्यांचे चेहरे बघत बसले असते तर तासाला साधारण एक जीबी, म्हणजे पाऊण तासातच संपला असता. संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो. साधा मेसेज जातो, मीटिंगचा आवाज मात्र तुटत राहतो. पण कॅमेरा बंद, समोरच्यांचे व्हिडिओही बंद, फक्त आवाज आणि शेअर केलेली स्क्रीन, एवढ्यावर तासाला शंभर-दीडशे एमबी पुरतात. माझ्या मीटिंगला मी तीन वाक्यं बोलणार होते. पासवर्ड मागायचं कारणच उरलं नाही.

लॅपटॉपला फोनचा हॉटस्पॉट दिला असेल तर सावध राहा. लॅपटॉपला तोही वायफायच दिसतो, आणि विंडोजचा अपडेट त्या आठशे एमबीत शांतपणे शिरतो. Settings मध्ये Network & internet, मग Wi-Fi, त्या नेटवर्कच्या properties मध्ये Metered connection चालू करायचं.

खरी अडचण रेंजची. ज्यांच्या प्लॅनमध्ये 5G अमर्यादित आहे ते म्हणतील, आम्हाला कसला हिशेब. तर मुंबईतल्या इमारतीच्या आतल्या बाजूच्या खोलीत फोन हळूच 4G वर उतरतो, आणि तो डेटा रोजच्या कोट्यातून जातो. कोपऱ्यात दिसणारा आकडा बघत राहायचा. म्हणून मी पासवर्डऐवजी गॅलरी मागते. "मावशी, तासभर गॅलरीत बसते, खुर्ची नेते." यात तिचं काही जात नाही, आणि वाळत घातलेल्या साड्यांमागे रेंज बरी असते.

तिसरी वाट यजमान स्वतःच सुचवतात, "अगं, माझा हॉटस्पॉट घे ना." हे ऐकायला सगळ्यात गोड आणि घ्यायला सगळ्यात अवघड. यात त्यांचा रोजचा कोटा जातो, बॅटरी उतरते, आणि फोन तुमच्याजवळ अडकून पडतो. मावशी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली की तुमची मीटिंग गेली. पाच मिनिटांत तिकीट काढायचं असेल तर घ्यावा, तासासाठी नको.

मग ठरवायचं कसं? रात्री मुक्काम असेल, कॅमेरा लावावाच लागणार असेल, किंवा घरात रेंजच नसेल तर वरच्या पद्धतीने मोकळेपणाने मागा, यात लाजण्यासारखं काही नाही. जेवणापुरतं गेला असाल, किंवा यजमान घरून ऑफिसचं काम करतात आणि राउटर ऑफिसने दिलेला आहे हे ठाऊक असेल, तर विषयच काढू नका. आणि तुम्हीच यजमान असाल, तर राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' चालू करून त्याचा वेगळा पासवर्ड ठेवा. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा त्यापासून सहसा वेगळे राहतात, आणि पाहुणे गेले की तो बदलला तरी घरातल्या कुणाचा फोन पुन्हा जोडावा लागत नाही. वहिनींनी यंदा तेच केलं. त्या गेस्ट नेटवर्कचं नाव त्यांनी "Modak" ठेवलंय, आणि पासवर्ड फक्त विसर्जनापर्यंत चालतो.