रेझ्युमेपायी 13,579 रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

प्रोजेक्ट संपला, मी बेंचवर, म्हणजे कंपनीत पण प्रोजेक्टविना, आले आणि दीड महिन्यात दुसरीकडे काही झालं नाही तर राजीनामा मागणार हे कळलं. त्याच आठवड्यात ‘बिझनेस ॲनालिस्टसाठी खास रेझ्युमे, इंटरव्ह्यूची हमी’ असा मेसेज आला. आधी 1,999 दिले. मग ‘एटीएस स्कोर कमी आहे’, म्हणजे रेझ्युमे चाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गुण कमी पडतात, म्हणून 4,500. मग थेट रिक्रूटरपर्यंत पोहोचवायचे 6,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7,080. पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता. पंधरा अक्षरांचा तो नंबर दिसल्याशिवाय जीएसटीच्या नावाने एक रुपया देऊ नका.

पण खरी खूण आधीच दिसली होती, आणि तीच मला आजही झोपू देत नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये लिहिलं होतं, ‘वर्कशॉप घेऊन खाते उघडण्याची प्रक्रिया 40 टक्क्यांनी जलद केली.’ मी विम्यात काम करते, बँकेत नाही. तसं कळवलं, तर दोन मिनिटांत ‘खाते उघडण्याची’च्या जागी ‘क्लेमची’ आलं. 40 टक्के तसेच! आठ वर्षं मी लोकांना प्रश्न विचारून रिक्वायरमेंट काढते, आणि या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. वर्कशॉपला कोण होतं, बीआरडीवर, म्हणजे रिक्वायरमेंटच्या कागदावर, सही कोणाची, यूएटीत, म्हणजे वापरणाऱ्यांच्या चाचणीत, काय निघालं, काही नाही. पण घरचे हप्ते डोळ्यासमोर असताना माणूस किती तपासणार?

इंटरव्ह्यू मी स्वतः अर्ज करून मिळवला, त्यांच्यामुळे नाही. तिथे पहिलाच प्रश्न आला, ‘40 टक्के कशाच्या तुलनेत? आधीचा आकडा काय, किती दिवसांचा डेटा?’ मी गप्प. माझ्याकडे खरा आकडा होता. क्लेम ऑपरेशन्स, सर्व्हेयर आणि फायनान्स यांना एकत्र बसवून चार वर्कशॉप घेतल्या. एकच कागद दोनदा मागितला जातो हे त्यात सापडलं. ते थांबवल्यावर क्लेम निकाली निघायला सरासरी 9 दिवस लागायचे त्याचे 6 झाले, आधीच्या आणि नंतरच्या तीन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून. हे वाक्य रेझ्युमेत असतं तर मी तासभर बोलले असते.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तर ‘पैसे तुम्हीच पाठवलेत, फाइलही मिळाली, मग फसवणूक कुठली?’ पोलीस ठाण्यात सांगितलं की हा दिवाणी मामला, ग्राहक मंचाकडे जा. बँक म्हणाली, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात. ग्राहकांच्या 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पण समोरच्याचा पत्ता कोणता लिहू? पत्ताच नाही! चार ठिकाणी तीच कहाणी, तेच स्क्रीनशॉट, आणि प्रत्येकाची नजर ‘शिकलेली बाई, हिला कळलं नाही?’ अशी. चॅट डिलीट करू नका, तेवढाच पुरावा उरतो.

परवा त्याच नंबरवरून माझ्या जुन्या टीममधल्या मुलीला मेसेज आला. तीही बेंचवर आहे. तिला पाठवलेल्या नमुन्यात तेच 40 टक्के होते.